कुणाच्याच वहीत नसलेले पाच मिलिअँपिअर

गणित मीच रचलं होतं, आणि मुद्दाम उत्तरं पूर्णांकात येतील असं रचलं होतं. त्यामुळे पहिल्या बाकावरची मुलगी V1 = 9.6 घेऊन आली आणि तिच्या पाठोपाठ खिडकीजवळचा मुलगा उणे सोळा पूर्णांक काहीतरी घेऊन आला, तेव्हा दोन्ही चुकलेत एवढं मला वही न उघडताच कळलं. गंमत पुढे होती. दोघांच्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. दोघांनी तीन अज्ञातांसाठी तीन समीकरणं लिहिली होती, ती नीट सोडवली होती आणि तरी एकाच सर्किटची दोन वेगळी उत्तरं आणली होती.

सर्किट असं आहे, कागदावर काढून घ्या. १२ व्होल्टचा एक सोर्स, ऋण टोक ग्राउंडला. त्याच्या धन टोकापासून २ किलोओहमचा रेझिस्टर नोड १ पर्यंत. नोड १ पासून ग्राउंडला ४ किलोओहम, नोड २ पासून ग्राउंडला १० किलोओहम, नोड ३ पासून ग्राउंडला ३ किलोओहम. नोड १ आणि ३ मध्ये १ किलोओहम, नोड २ आणि ३ मध्येही १ किलोओहम. आता मुख्य गोष्ट: नोड १ आणि नोड २ यांच्यामध्ये थेट ६ व्होल्टचा दुसरा सोर्स, धन टोक नोड २ कडे. त्याचं कुठलंच टोक ग्राउंडला नाही. काढायची आहेत तिन्ही नोडची ग्राउंडच्या तुलनेतली व्होल्टेज: V1, V2, V3. रेझिस्टर किलोओहममध्ये ठेवले की करंट आपोआप मिलिअँपिअरमध्ये येतो, म्हणून पुढे शून्यांचा पसारा नाही.

मुलीने नोड १ चं समीकरण लिहिलं, नोड ३ चं लिहिलं आणि सहा व्होल्टची अट लिहिली:

```
(V1 − 12)/2 + V1/4 + (V1 − V3)/1 = 0
(V3 − V1)/1 + (V3 − V2)/1 + V3/3 = 0
V2 − V1 = 6
```

मुलाने पहिल्या ओळीऐवजी नोड २ चं समीकरण घेतलं होतं, बाकी दोन ओळी त्याच:

```
V2/10 + (V2 − V3)/1 = 0
```

तिचं उत्तर V1 = 9.6, V2 = 15.6, V3 = 10.8. त्याचं V1 = −16.59, V2 = −10.59, V3 = −11.65. "मॅडम, अज्ञात तीन, समीकरणं तीन. मग नोड १ घेतला काय आणि २ घेतला काय, फरक का पडावा?" हा प्रश्न त्याने विचारला, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

मी त्याला नोड २ वर बोट ठेवायला सांगितलं आणि विचारलं, इथून किती वाटा फुटतात? त्याने मोजल्या: ग्राउंडकडे एक, नोड ३ कडे एक. आणि? मग बोट सोर्सच्या वर्तुळावर गेलं. तिसरी वाट तीच. किरचॉफचा करंटचा नियम नोडला मिळणाऱ्या प्रत्येक वाटेचा हिशेब मागतो, आणि दोघांच्याही वहीत सोर्समधून जाणारा करंट नव्हताच. मुलीने नोड १ वर तो शून्य धरला, मुलाने नोड २ वर शून्य धरला. कुणी ठरवून धरला नव्हता. लिहायला काही सूत्र सापडलं नाही म्हणून जागा रिकामी राहिली, आणि समीकरणात रिकामी जागा म्हणजे शून्यच.

सूत्र का सापडलं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. नोड व्होल्टेजची पद्धत चालते ती ओहमच्या नियमावर: दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक भागिले रेझिस्टन्स, की झाला त्या वाटेचा करंट. व्होल्टेज सोर्सला हे लागू नाही. त्याच्या दोन टोकांमधला फरक ६ व्होल्ट आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, पण त्यावरून करंट निघत नाही. तो एक मिलिअँपिअर असू शकतो, शंभर असू शकतो, उलट दिशेनेही असू शकतो. उरलेलं सर्किट मागेल तेवढा. मागच्या बाकावरच्या एकाने सोर्सचा रेझिस्टन्स शून्य म्हणून (V1 − V2)/0 असं लिहिलं होतं आणि तिथेच पेन ठेवलं होतं. मला विचाराल तर त्या दिवशीची सर्वांत प्रामाणिक वही त्याची. इथे काहीतरी आहे आणि ते मला लिहिता येत नाही, एवढं तरी त्याला दिसलं होतं.

तेव्हा त्या करंटला सरळ नाव देऊ. सोर्समधून नोड १ कडून नोड २ कडे जाणारा करंट ix म्हणू. नोडमधून बाहेर जाणारा करंट धन, असा आपला रिवाज आहे. मग नोड १ वर तो बाहेर जातोय म्हणून अधिक, नोड २ वर आत येतोय म्हणून उणे:

```
नोड 1:  (V1 − 12)/2 + V1/4 + (V1 − V3)/1 + ix = 0
नोड 2:  V2/10 + (V2 − V3)/1 − ix = 0
```

आता अज्ञात चार झाले आणि समीकरणंही चार: ही दोन, नोड ३ चं एक आणि सहा व्होल्टची अट. असंही सोडवता येतं, पण ix आपल्याला कुणी विचारलेला नाही. तो एका समीकरणात अधिक आहे, दुसऱ्यात उणे. बेरीज केली की गेला:

```
(V1 − 12)/2 + V1/4 + (V1 − V3)/1 + V2/10 + (V2 − V3)/1 = 0
```

सुपरनोड म्हणजे ही बेरीज, दुसरं काही नाही. पुस्तकात सोर्स आणि त्याचे दोन्ही नोड यांच्याभोवती तुटक रेषेचा फुगा काढतात. त्या फुग्याच्या आत सोर्सचा करंट एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात शिरतो, रेषा ओलांडत नाही, म्हणून त्याची नोंद करावी लागत नाही. रेषा ओलांडणाऱ्या वाटा पाच आहेत आणि वरच्या समीकरणात पाचच पदं आहेत. मी मुलांना आधी फुगा काढायला लावत नाही. एकदा ix घालून बेरीज करून पाहिली की फुगा कशासाठी ते आपसूक कळतं. उलट क्रमाने शिकवलं की मुलं फुगा तेवढा पाठ करतात आणि मग त्यातून एक वेगळीच चूक जन्माला येते: फुगा म्हणजे एक नोड, एक नोड म्हणजे एकच व्होल्टेज, असं समजून पाचही पदांत V1 लिहितात. फुगा एक असला तरी आतली व्होल्टेज दोन आहेत. वाट ज्या टोकातून निघते त्या टोकाचं व्होल्टेज तिच्या पदात यायला हवं. १० किलोओहमची वाट नोड २ वरून निघते, तिथे V2 च.

पण बेरजेत आपण दोन समीकरणांचं एक केलं, म्हणजे एक समीकरण गमावलं. ती उणीव भरून काढते V2 − V1 = 6 ही अट. म्हणून हिशेब जुळतो: सुपरनोडचं एक, नोड ३ चं एक, अट एक; अज्ञात तीन. मुलामुलीच्या वहीतही समीकरणं तीनच होती हे खरं, पण त्यांचं एकेक समीकरण सर्किटबद्दल खोटं सांगत होतं. समीकरणांची संख्या जुळली म्हणजे ती खरी आहेत असं होत नाही.

आता सोडवू. अटीवरून V2 = V1 + 6. नोड ३ चं समीकरण नेहमीसारखंच लिहायचं, त्याला सुपरनोडशी देणंघेणं नाही. त्याला ३ ने गुणून आवरलं की:

```
7·V3 = 3·V1 + 3·V2 = 6·V1 + 18
```

सुपरनोडच्या समीकरणात V1 ची पदं एकत्र केली की 1.75·V1 येतात, V2 ची 1.1·V2, V3 ची −2·V3, आणि उजवीकडे 6. त्यात V2 घातला:

```
1.75·V1 + 1.1·(V1 + 6) − 2·V3 = 6
2.85·V1 − 2·V3 = −0.6
```

सातने गुणून 7·V3 च्या जागी वरची किंमत टाका:

```
19.95·V1 − 12·V1 − 36 = −4.2
7.95·V1 = 31.8
V1 = 4,  V2 = 10,  V3 = 6
```

आणि आता तो हरवलेला करंट. नोड २ वरून पाहिलं तर ग्राउंडकडे १० भागिले १०, म्हणजे १ मिलिअँपिअर जातो. नोड ३ कडे १० वजा ६, म्हणजे ४ जातो. हे पाच कुठून तरी आले पाहिजेत, आणि यायला सोर्सशिवाय जागा नाही. नोड १ वरूनही तेच: १२ व्होल्टच्या बाजूने ४ आत येतो, नोड ३ कडून २ आत येतो, ग्राउंडला १ जातो, उरलेले ५ सोर्समध्ये. दोन्हीकडून ५ आले. त्या दोघांनी हेच ५ मिलिअँपिअर शून्य धरले होते. पाहायला छोटी गोष्ट, पण सबंध सर्किटला १२ व्होल्टचा सोर्स देतो ४ मिलिअँपिअर, तेव्हा विसरलेला करंट त्याहून मोठा होता.

उत्तर चुकलंय हे त्यांना स्वतःला कळलं असतं का? 15.6 या आकड्याने तिला शंका यायला हवी होती असं वाटेल, पण सर्किटमध्ये १२ आणि ६ असे दोन सोर्स आहेत, एखाद्या नोडवर पंधरा व्होल्ट येणं अशक्य नाही. खात्रीची तपासणी वेगळी आहे. ज्या नोडचं समीकरण आपण कधीच लिहीत नाही तो ग्राउंड, म्हणून साक्षीला तोच बोलवायचा. मुलीच्या आकड्यांनी तिन्ही रेझिस्टरमधून ग्राउंडला जाणारा करंट काढा: 9.6/4 = 2.4, 15.6/10 = 1.56, 10.8/3 = 3.6. एकूण 7.56 मिलिअँपिअर. आणि ग्राउंडमधून १२ व्होल्टच्या सोर्सकडे परत जाणारा? (12 − 9.6)/2 म्हणजे 1.2. सहाहून जास्त मिलिअँपिअर जमिनीत जिरले. बरोबर उत्तर घेऊन पाहा: १ + १ + २ = ४, आणि (12 − 4)/2 = ४. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि राहून गेलेली वाट ती पकडते.

मात्र एक चूक तिच्या हाती लागत नाही, आणि परीक्षेत तीच जास्त होते. पुढच्या आठवड्यात तेच गणित पुन्हा दिलं तेव्हा एका मुलीने सुपरनोडचं समीकरण अचूक लिहिलं आणि अट मात्र V1 − V2 = 6 अशी लिहिली. उत्तर आलं V1 = 6.57, V2 = 0.57, V3 = 3.06. ती स्वतः ग्राउंडची तपासणी करून आली होती: 1.64 + 0.06 + 1.02, आणि (12 − 6.57)/2, दोन्हीकडे 2.72. "जुळतंय की मॅडम!" जुळणारच. तिने सोडवलेलं सर्किटसुद्धा खरंच आहे, फक्त त्यात सहा व्होल्टचा सोर्स उलटा लावलाय. पॉवरचा ताळा घेतला तरी तो जुळेल. करंटचा कुठलाही हिशेब सोर्सची दिशा सांगू शकत नाही, कारण करंटच्या समीकरणांत ती दिशा येतच नाही. ती फक्त अटीत असते. म्हणून या एका ओळीची तपासणी आकृतीवरच करावी लागते. मी मुलांना असं सांगते: मीटरची लाल पिन धन खुणेवर ठेवली आहे आणि काळी ऋण खुणेवर, असं मनात आणा. मीटर दाखवणार लाल वजा काळी. तेच लिहा. लाल पिन नोड २ वर, म्हणून V2 आधी.

त्या तासाला वर्गातून एक चांगला प्रश्न आला होता, तो इथे नोंदवते. नोड १ आणि २ च्या मध्ये, सोर्सला समांतर, आणखी एक २ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर? बहुतेकांनी सुपरनोडच्या समीकरणात सहावं पद लावायला घेतलं. पण तो रेझिस्टर सबंध फुग्याच्या आत आहे. त्याचा करंट नोड २ मधून निघून नोड १ मध्ये येतो, रेषा ओलांडत नाही. समीकरण जसंच्या तसं राहतं, व्होल्टेजही 4, 10, 6 च राहतात. बदलतो तो फक्त सोर्सचा करंट: समांतर रेझिस्टर ६ भागिले २, म्हणजे ३ मिलिअँपिअर खातो, आणि सोर्सला ५ ऐवजी ८ द्यावे लागतात. ज्याला सोर्सचा करंट विचारलाय त्याने हा रेझिस्टर विसरून चालणार नाही, ज्याला फक्त व्होल्टेज विचारलीत त्याने तो खुशाल पुसून टाकावा.

दोन सोर्स एकाच नोडला जोडलेले असले, म्हणजे १ ते २ एक आणि २ ते ३ दुसरा, तर तिन्ही नोड एकाच फुग्यात जातात: समीकरण एक, अटी दोन. सोर्स दुसऱ्या कशावर अवलंबून असला तर अटीच्या उजवीकडे आकड्याऐवजी ती राशी येते, आणि ती नोड व्होल्टेजमध्ये मांडणारी एक ओळ वाढते. पद्धत बदलत नाही.

पद्धत बदलते ती सोर्सचं एक टोक ग्राउंडला असलं तर, आणि हे आम्हाला फळ्यावर नव्हे, लॅबमध्ये भेटलं. हेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावायचं होतं. सगळे रेझिस्टर बाजारात सहज मिळणारे. ४ किलोओहम तेवढा मिळत नाही, म्हणून दोन २ किलोओहम सिरीजमध्ये. दोन वेगळे पॉवर सप्लाय, एक १२ वर, एक ६ वर. एका गटाचा मीटर दाखवू लागला: नोड १ वर शून्य, नोड २ वर ६, नोड ३ वर 2.57. काही तापलं नाही, कुठे धूर नाही, दोन्ही सप्लाय आपापले व्होल्ट शांतपणे दाखवतायत. पोरांनी वायरी तीनदा तपासल्या. वायरी बरोबर होत्या.

मी सप्लायच्या पुढच्या बाजूला पाहिलं. धन आणि ऋण यांच्याशेजारी एक हिरवा टर्मिनल असतो, अर्थचा. दोन्ही सप्लायवर ऋण आणि हिरवा यांना जोडणारी पितळी पट्टी लावलेली होती. म्हणजे १२ व्होल्टच्या सप्लायचं ऋण टोक, अर्थात आपलं ग्राउंड, प्लगमधून इमारतीच्या अर्थला. आणि ६ व्होल्टच्या सप्लायचं ऋण टोक, अर्थात नोड १, त्याच अर्थला. नोड १ आणि ग्राउंड यांच्यात न दिसणारी वायर आली होती. या सर्किटला सुपरनोड लागतच नाही: नोड १ शून्य, नोड २ सहा, दोन्ही आधीच माहीत, अज्ञात एकटा नोड ३. त्याचं समीकरण 7·V3 = 3·0 + 3·6, म्हणजे V3 = 2.57. मीटर खरंच बोलत होता, फक्त तो दुसऱ्या सर्किटबद्दल बोलत होता. १२ व्होल्टच्या बाजूने १२ भागिले २, म्हणजे जेमतेम ६ मिलिअँपिअर वाहत होता, म्हणून काही जळलंही नाही.

सहा व्होल्टच्या सप्लायवरची पट्टी काढली. मीटरवर 3.98, 9.97, 5.98 आले. नोड १ ते नोड २ मोजलं, 5.99.

घरी जाऊन एका मुलाने तेच सर्किट एनजीस्पाइसमध्ये टाकून पाहिलं:

```
* don nodanmadhla source
Vin 4 0 12
R1 4 1 2k
R2 1 0 4k
R3 1 3 1k
R4 2 3 1k
R5 2 0 10k
R6 3 0 3k
Vx 2 1 6
.op
.end
```

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन आला. व्होल्टेज 4, 10, 6 बरोबर आली होती, पण खाली `vx#branch` पुढे उणे पाच मिलिअँपिअर होते. त्याला दोन शंका होत्या. पहिली, प्रोग्रॅमने सुपरनोड कुठे केला? त्याने केलाच नाही. तो आपल्या बेरजेच्या एक पायरी आधी थांबतो: प्रत्येक व्होल्टेज सोर्सच्या करंटला अज्ञात म्हणून ठेवतो, सोर्सची अट जास्तीचं समीकरण म्हणून घेतो आणि चौकट वाढवून सगळं एकदम सोडवतो. ही रीत चुंग-वेन हो, रुहली आणि ब्रेनन यांनी १९७५ साली मांडली. हाताने सोडवणाऱ्याला एक अज्ञात कमी झालेला हवा असतो, यंत्राला त्याचं काही नाही. त्याला फुगे शोधत बसण्यापेक्षा एक ओळ वाढवणं सोपं. म्हणून तो करंट तिथे आयता छापून येतो.

दुसरी शंका त्या उण्याची. स्पाइसमध्ये सोर्सचा करंट धन टोकातून आत शिरून ऋण टोकातून बाहेर पडला तर धन धरतात. आपला सोर्स करंट देत होता, म्हणजे तो धन टोकातून, नोड २ कडे, बाहेर पडत होता. दिशा उलट, म्हणून उणे. मी त्याला `Vin` ची ओळ पाहायला सांगितली. तिथे उणे चार होते. "म्हणजे तोही देतोय," तो म्हणाला, आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर बारा चोक अठ्ठेचाळीस आणि साही पाचे तीस यांची बेरीज करून, सहा रेझिस्टरांत मिळून अठ्ठ्याहत्तर मिलिवॅट खर्च होतात का ते मोजू लागला.